एकाच कॉरिडॉरमध्ये तेच सहकारी दिवसभर समोर येतात, तेव्हा

प्रश्न: "मी अलीकडेच एका शासकीय महामंडळाच्या कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाले. माझे टेबल आणि अभिलेख कक्ष यांच्यामध्ये एक लांब कॉरिडॉर आहे. लेखा शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी तिथे दिवसातून सात-आठ वेळा समोरून येतात. सकाळी नमस्कार होतो, पण त्यानंतर प्रत्येक वेळी काय करायचे ते कळत नाही. पुन्हा पुन्हा नमस्कार केला तर विचित्र वाटते, नाही केला तर उद्धट वाटते. आता मी त्यांना टाळण्यासाठी मागच्या जिन्याने जाऊ लागले आहे. दिवसातून किती वेळा अभिवादन करावे?"

उत्तर:

मी बरीच वर्षे आस्थापना शाखेत काम केले आणि नव्याने रुजू होणाऱ्यांच्या प्रशिक्षणात कार्यालयीन वर्तनाचा तास घेतला. हा प्रश्न भर वर्गात सहसा कोणी विचारत नाही, परंतु तास संपल्यावर वह्या आवरता आवरता दाराशी थांबून विचारणारे कोणी ना कोणी असतेच, आणि विचारणारी माणसे बहुधा संकोची परंतु दुसऱ्याचा विचार करणारी असतात. त्यामुळे मी या प्रश्नाला किरकोळ मानत नाही. ज्या कार्यालयात पुढची अनेक वर्षे काढायची आहेत, तिथल्या येण्याजाण्याच्या वाटेवर रोज अवघडलेपण सोसावे लागणे ही त्रासाचीच गोष्ट आहे.

थोडक्यात सांगायचे तर शब्दांनी केलेला पूर्ण नमस्कार दिवसातून एकदा, पहिल्या भेटीला करावा. दुपारच्या जेवणानंतर एखादा शब्द आणि संध्याकाळी निघताना निरोपाचा एक शब्द पुरतो. मधल्या सगळ्या भेटींमध्ये बोलण्याची गरज नसते, मात्र ओळखीची नजर द्यावी लागते आणि ती प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान होत गेली तरी चालते. पण हे एवढेच सांगून तुमची अडचण सुटणार नाही, कारण तुमची खरी अडचण आकड्याची नसून त्या लांब कॉरिडॉरमधल्या काही सेकंदांची आहे, असे मला वाटते. म्हणून आधी कारणे सांगते, मग त्या सेकंदांकडे वळते.

पहिल्या भेटीतला नमस्कार काय काम करतो ते पाहू. काल संध्याकाळी आपण वेगळे झालो, मधे एक रात्र गेली, आज पुन्हा एकत्र काम करायचे आहे आणि आपल्यातले संबंध काल होते तसेच आहेत, हे तो सांगतो. समोरच्याने उलट नमस्कार केला की दोघांच्याही बाजूने हे मान्य होते आणि त्या दिवसापुरता तो विषय पूर्ण होतो. तासाभराने तुम्ही पुन्हा तितकाच पूर्ण, हात जोडून किंवा 'नमस्कार सर' असे म्हणून अभिवादन केले, तर समोरच्याला क्षणभर प्रश्न पडतो की सकाळचे हिला आठवत नाही की काय. आदर वाढावा म्हणून केलेली गोष्ट सकाळच्या आदराला पुसून टाकते. दुसरे असे की आपल्याकडे नमस्काराला प्रतिनमस्कार करणे हे जवळजवळ बंधनकारक मानले जाते. दोन्ही हातांत रजिस्टरे धरून मनात बेरजा घोळवत चाललेल्या माणसाला तुम्ही दर वेळी उत्तर द्यायला भाग पाडता, आणि तो ते देतोही, पण हळूहळू थकतो.

समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी सार्वजनिक ठिकाणच्या वागण्याचा फार बारकाईने अभ्यास केला होता. अभिवादन केवढे असावे हे दोन भेटींमध्ये किती काळ गेला यावर अवलंबून असते, आणि थोड्या वेळात त्याच माणसाशी पुन्हा गाठ पडली की ते आपोआप आखडत जाते, हे त्यांनी 1971 साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात मांडले. आपल्या घरातही हेच दिसते. गावाहून आलेल्या आत्याला आपण वाकून नमस्कार करतो, पण ती स्वयंपाकघरातून माजघरात आली म्हणून पुन्हा वाकत नाही. मात्र ती समोरून गेली आणि आपण मानही वर केली नाही, असेही होत नाही. कार्यालयात हे आपोआप घडत नाही, कारण तिथे नाते घरच्यासारखे मुरलेले नसते आणि हुद्द्याचे भान सतत असते. म्हणून तिथे ते थोडे समजून करावे लागते.

आता कॉरिडॉरकडे येते. तुमच्या कॉरिडॉरची लांबी तुम्ही लिहिलेली नाही, पण जुन्या शासकीय इमारतींमध्ये असा कॉरिडॉर तीस मीटरच्या आसपास सहज असतो, म्हणून तेवढा धरू. माणूस साधारण चालीने एका सेकंदात सव्वा मीटरच्या आसपास अंतर तोडतो. दोघेजण समोरासमोर चालत असतील तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला सुमारे अडीच मीटरने कमी होते. म्हणजे तुम्ही या टोकाला आणि ते त्या टोकाला एकाच वेळी कॉरिडॉरमध्ये शिरलात, तर प्रत्यक्ष शेजारून जाईपर्यंत बारा सेकंद जातात. बारा सेकंद एखाद्याच्या चेहऱ्याकडे पाहत, ओठांवर हसू धरून चालणे कोणालाही जमत नाही. जमले तरी ते पाहणाऱ्याला बरे वाटत नाही. तुम्हाला जो विचित्रपणा जाणवतो तो नव्वद टक्के इथे आहे, असे माझे निरीक्षण सांगते. अभिवादन फार वेळा होते यापेक्षा ते फार लवकर सुरू होते, आणि मग उरलेल्या सेकंदांचे काय करायचे हे कोणालाच माहीत नसते.

अॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या दोन अभ्यासकांनी एका घरगुती समारंभात पाहुणे एकमेकांना कसे भेटतात याचे चित्रीकरण करून 1973 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दिसलेला क्रम तुमच्या फार उपयोगाचा आहे. माणसे लांबून एकमेकांना ओळखतात, मग जवळ येत असताना मधल्या टप्प्यात नजर दुसरीकडे वळवतात आणि अगदी जवळ आल्यावर पुन्हा नजर देऊन खरे अभिवादन करतात. मधली ती वळवलेली नजर उद्धटपणाची नसते. दोघांनाही सुखाने चालता यावे म्हणून शरीर आपोआप घेत असलेली ती विश्रांती असते. ज्यांना ती उद्धटपणाची वाटते, ते नजर वळवायला घाबरतात आणि अवघडून जातात.

म्हणून तुम्ही असे करा. कॉरिडॉरच्या टोकाला ते दिसले तर दिसले, त्याची नोंद मनात घ्या आणि नजर खाली, समोरच्या फरशीकडे, खिडकीकडे किंवा हातातल्या कागदाकडे जाऊ द्या. पाऊल मात्र नेहमीच्याच चालीने पडू द्या. साधारण चार मीटर अंतर राहिले, म्हणजे एका खोलीच्या रुंदीइतके, की नजर वर करा. तिथून शेजारून जाईपर्यंत दीड सेकंदच उरतो. या दीड सेकंदात एक नजर आणि मानेचा एक लहानसा होकार बरोबर मावतो. त्याहून अधिक काही मावत नाही, आणि तेच चांगले आहे. तुमच्याकडे अंतर मोजण्याचे साधन नसते, म्हणून कॉरिडॉरमधली एखादी खूण ठरवून ठेवता येईल. भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटांपैकी एक कपाट साधारण तीन फूट रुंद असते. समोरची व्यक्ती तुमच्यापासून चार कपाटांवर आली की नजर वर करायची, एवढे लक्षात ठेवले तरी काम होते. काही दिवसांत ही खूण पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट नजर काढून घेण्याची. मानेने होकार दिल्यानंतर नजर त्यांच्या चेहऱ्यावर रेंगाळू देऊ नये, आणि एकदम झटकूनही घेऊ नये. ती पुढच्या वाटेकडे न्यावी. नजर खाली पडली तर संकोच दिसतो, बाजूच्या भिंतीकडे गेली तर टाळल्यासारखे दिसते, पुढे गेली तर आपण आपल्या कामाला निघालो आहोत एवढेच दिसते.

आता तुमचाच एक दिवस घेऊन पाहू. राज्य शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आल्यापासून वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा असते. तुमच्या महामंडळाची वेळ थोडी वेगळी असू शकेल, पण क्रम तोच राहील. दहाच्या सुमारास ते पहिल्यांदा समोर आले. इथे थांबण्याची गरज नाही, परंतु चाल किंचित मंद करून 'नमस्कार सर' हे शब्द स्पष्ट, त्यांना ऐकू जातील असे म्हणावेत. पुटपुटलेला नमस्कार हे पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ असते. त्यांनी तो ऐकलाच नाही तर त्यांच्या लेखी तुमची पहिली भेट झालेलीच नाही, आणि तुम्ही मात्र ती झाली असे धरून पुढच्या वेळी नुसती मान हलवता. तुमच्या दोघांचे हिशेब तिथून वेगळे चालू लागतात.

पावणेअकराला तुम्ही अभिलेख कक्षातून जुनी नस्ती घेऊन परतत आहात आणि ते समोरून आले. आता नजर, मानेचा होकार आणि चेहऱ्यावर मोकळेपणा पुरतो. सव्वाअकराला पुन्हा गाठ पडली तर मानेची हालचाल आणखी लहान होईल. आणि पाचच मिनिटांनी, ते झेरॉक्स काढून परतताना पुन्हा समोर आले, तर केवळ नजरेची ओळख पुरेशी आहे. इतक्या थोड्या वेळात मान हलवली नाही म्हणून कोणालाही काही वाटत नाही, कारण मागची भेट अजून संपल्यासारखी वाटतच नसते. हे लहान होत जाणे म्हणजे आदर कमी होणे नव्हे. ज्या दोन माणसांना एकमेकांबद्दल खात्री आहे, त्यांनाच इतक्या कमीत काम भागवता येते.

साडेबाराला ते एका अभ्यागताशी बोलत कॉरिडॉरमधून चालले आहेत. इथे तुमच्याकडून काहीच अपेक्षित नाही. उलट तुम्ही मध्येच नमस्कार केलात तर त्यांना बोलणे तोडून तुमच्याकडे वळावे लागेल आणि अभ्यागतालाही ताटकळावे लागेल. भिंतीच्या बाजूला सरकून वाट द्यावी. कपाटांनी आणि बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांनी निम्मा रस्ता अडवलेल्या कॉरिडॉरमध्ये वाट देणे ही स्वतःच पुरेशी दखल असते. तीच गोष्ट फोनवर बोलणाऱ्याची. त्यांनी स्वतःहून नजर दिली तर मान हलवावी, नाहीतर नुसते बाजूने जावे, आणि या भेटीत काही झाले नाही म्हणून पुढच्या भेटीत भरपाई करू नये.

जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान असते. तिच्यानंतरच्या पहिल्या भेटीला मी थोडे वेगळे मानते. सकाळच्या भेटीला आता चार तास होत आले, मधे माणसे उठली, डबे उघडले गेले, कामाचा एक तुकडा संपून दुसरा सुरू झाला. म्हणून इथे एखादा शब्द शोभतो. आपल्याकडे त्यासाठी 'झाले का जेवण, सर?' हे वाक्य तयारच आहे आणि ते फार उपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर चालता चालता 'हो, झाले' एवढ्यात देता येते. चालत्या भेटीतले कोणतेही बोलणे या कसोटीवर घासून पाहावे. ज्या प्रश्नाला थांबून उत्तर द्यावे लागते, तो कॉरिडॉरमध्ये विचारू नये. 'मुलीच्या प्रवेशाचे काय झाले?' हा आपुलकीचा प्रश्न आहे, पण विचारून आपण पुढे निघून जाणार असू तर आपुलकी खोटी ठरते. तो जेवणाच्या टेबलावर विचारावा. 'काय म्हणता?' हा शब्दही सकाळी एकदा ठीक असतो. दिवसातून तीन वेळा 'काय म्हणता?' ऐकणाऱ्याकडे तिसऱ्या वेळी म्हणण्यासारखे काही उरलेले नसते.

दुपारनंतरच्या भेटी पुन्हा सकाळसारख्याच, नजरेच्या आणि मानेच्या. त्यांच्या हातात हनुवटीपर्यंत रजिस्टरांचा ढीग असेल तर दाराचा एक झडप धरून ठेवावा, त्यात सगळे आले. संध्याकाळी निघताना ते वाटेत दिसले तर 'येते सर' असे म्हणावे. दिसले नाहीत तर निरोपासाठी त्यांना शाखेत जाऊन शोधायची गरज नाही. असा दिवस आठ-नऊ भेटींचा झाला, पण त्यात बोलणे फक्त तीनदा झाले आणि तेही मिळून सात-आठ शब्दांचे. बाकीच्या भेटींना कोणीही भेट म्हणून मोजलेले नाही, आणि कोणी कोणाला टाळलेलेही नाही.

हे सगळे परिस्थितीवर किती अवलंबून आहे तेही सांगायला हवे. पहिली बाब हुद्द्याची. ज्येष्ठ अधिकाऱ्यांना पहिला नमस्कार कनिष्ठाने करायचा, हे आपल्या कार्यालयांत अजूनही धरून चालले जाते. मात्र नंतरच्या भेटींमध्ये ज्येष्ठाच्या वागण्यावरून माप घ्यावे. काही साहेब दर वेळी मान हलवतात, काही विचारात मग्न असतात आणि वरही पाहत नाहीत. वर न पाहणाऱ्याला तुम्ही थांबवून ओळख मागू नका, पण त्यांनी वर पाहिले तर तुमची नजर तिथे असू द्या. शिपाई, सफाई कामगार, सुरक्षारक्षक यांच्याबाबत मात्र मी उलटा आग्रह धरते. त्यांच्याशी पहिला नमस्कार आपण करावा आणि मधल्या भेटींतली नजरही चुकवू नये. कॉरिडॉरमध्ये सर्वांत जास्त वेळा ये-जा तेच करतात आणि सर्वांत जास्त वेळा त्यांच्याच अंगावरून नजर सरकून जाते. नजर चुकल्याचे साहेबांना कदाचित कळतही नाही, पण फरशी पुसण्यासाठी वाकलेल्या मावशींना ते दर वेळी कळते.

दुसरी बाब कार्यालयाच्या रीतीची. ज्या कचेरीत 'जय भीम', 'राम राम', 'जय महाराष्ट्र' असे एकमेकांना म्हणण्याची पद्धत असते, तिथे तो शब्द काही वेळा दिवसातून अनेकदाही उच्चारला जातो, आणि तो समोरच्याच्या शब्दातच परत करणे चांगले दिसते. ज्यांची मुले किंवा भावंडे परदेशी कंपन्यांत आहेत त्यांनी ऐकलेच असेल की जपानी कार्यालयांत सकाळच्या शुभेच्छा एकदा झाल्या की दिवसभर एकमेकांच्या श्रमांची दखल घेणारा 'ओत्सुकारेसामा' हा वेगळा शब्द आणि किंचित वाकणे एवढ्यावर काम चालते. फ्रान्समध्ये त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा 'बोंझूर' म्हटले तर पहिली भेट विसरल्यासारखे दिसते, आणि जर्मन कार्यालयांत जेवणाच्या वेळेपुरता 'माल्त्साइट' हा शब्द कॉरिडॉरमध्ये ऐकू येतो. रीती निराळ्या असल्या तरी पहिली भेट मोठी आणि नंतरच्या लहान, हा क्रम सगळीकडे सारखाच दिसतो. नव्या कार्यालयात पहिले आठ दिवस तिथले जुने लोक आपसात काय करतात ते पाहावे आणि त्यांच्याहून थोडे अधिक करावे, कमी करू नये, असे मी नव्या लोकांना सांगते. नव्या माणसाने थोडे जास्त अभिवादन केले तर ते खपते. जुन्या माणसाने एकाएकी कमी केले तर मात्र चर्चा होते.

तिसरी बाब तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या पत्रावरून मला ती सांगावीशी वाटते. तरुण स्त्री आणि ज्येष्ठ पुरुष सहकारी, किंवा याच्या उलट, अशा जोडीत दर भेटीला दिलेले मोठे हसू काही वेळा नको त्या अर्थाने घेतले जाते, घेणाऱ्याकडून नाही तरी पाहणाऱ्यांकडून. त्यावर उपाय म्हणून चेहरा कठोर करण्याची गरज नाही. हसण्यापेक्षा मानेच्या होकारावर भर द्यावा. मानेचा होकार सर्वांना सारखा देता येतो, आणि सर्वांना सारखा दिला की त्याचा कोणी वेगळा अर्थ लावत नाही.

आता बिघडते कुठे ते पाहू. अभिवादन जास्त होत असेल तर समोरच्याच्या वागण्यात काही खुणा दिसतात. तुम्ही दिसताच ते खिशातून मोबाइल काढतात, चाल अचानक वाढवतात, किंवा तुमचा नमस्कार पूर्ण व्हायच्या आतच 'हं, हं' करून पुढे सरकतात. असे दोन-तीनदा झाले तर शब्द थांबवून मानेवर यावे. त्यांना राग आलेला नसतो, त्यांच्याकडचे उत्तर संपलेले असते. दुसरा प्रकार विनोदाचा आहे. चौथ्या भेटीला 'पुन्हा आपणच!' असे म्हणून दोघे हसतात, आणि ते एकदा खरोखर छान वाटते, पण पाचव्या भेटीला आता काय म्हणायचे याचे दडपण दोघांवरही येते. म्हणून असा विनोद आठवड्यात एखाद्या वेळी ठीक, रोजचा रिवाज म्हणून नको.

अभिवादन कमी पडत असेल तर खुणा वेगळ्या असतात. ते तुमच्याकडे पाहतात आणि नजर थोडी थांबवतात, जणू काही हवे आहे. किंवा एरवी सहज देणारे सकाळच्या नमस्काराचे उत्तर तुटक देऊ लागतात. विशेषतः काही मतभेद झाल्यानंतरच्या दिवसांत ही काळजी घ्यावी. समजा, सकाळच्या बैठकीत त्यांनी तुमच्या टिपणीवर आक्षेप घेतला आणि त्यानंतर अर्ध्या तासाने तुम्ही कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलात. एरवी या भेटीला नुसती नजर पुरली असती, पण आज नजरेचा अभाव राग म्हणून वाचला जाईल, तुम्ही केवळ विचारात असलात तरीही. म्हणून अशा दिवशी मोजून-मापून, नेहमीइतकाच होकार द्यावा. जास्त गोडवा नको, कारण तोही वाचला जातो. नेहमीइतका होकार हाच त्या दिवशी सर्वांत स्पष्ट निरोप असतो की आक्षेप टिपणीवर होता आणि टिपणीपुरताच राहिला.

कोणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर रजेवरून परतल्यानंतरची पहिली भेट मात्र कॉरिडॉरमध्ये चालता चालता उरकू नये. थांबावे, बाजूला होऊन दोन शब्द बोलावेत. ते एकदा झाले की नंतरच्या भेटी नेहमीसारख्या ठेवाव्यात. दर भेटीला चेहरा गंभीर करून पाहिले तर त्या माणसाला कामात मन रमवणे अवघड होते.

राहिला मागचा जिना. तुम्ही तो का धरलात ते मला कळते, पण त्याने अडचण वाढत जाते आणि त्याचे कारण वर आलेच आहे. दोन भेटींमधले अंतर वाढले की अभिवादनाचा आकार वाढतो. तुम्ही दिवसभर टाळत राहिलात तर जी एक भेट टळणार नाही, ती आठवड्यातली पहिली भेट होऊन बसेल आणि तिला पूर्ण नमस्कार, चौकशी, कदाचित 'हल्ली दिसत नाही' हे वाक्यही लागेल. रोजच्या सात-आठ लहान भेटींपेक्षा ती एक भेट कितीतरी जड असते. शिवाय कार्यालयात कोण कोणत्या जिन्याने जाते हे शिपायांपासून सर्वांना ठाऊक असते, आणि त्या ज्येष्ठांच्या कानावर ते गेले तर त्यांना आपले काय चुकले असा प्रश्न पडेल.

तेव्हा उद्या सकाळी पुढच्याच कॉरिडॉरने जा. ते समोर आले की 'नमस्कार सर' नेहमीपेक्षा थोडे स्पष्ट म्हणा. इतके दिवस कुठे होतात असे त्यांनी विचारलेच, तर 'अभिलेख कक्षाचे काम मागच्या बाजूने करत होते' एवढे उत्तर पुरेसे आहे. मागच्या जिन्याचे स्पष्टीकरण स्वतःहून देऊ नका. त्यानंतरच्या भेटीला चार कपाटांची खूण पाळा. त्यांनी प्रतिसादात फक्त भुवया उंचावल्या किंवा डोळ्यांनी होकार दिला, तर तोच त्यांच्याकडचा पूर्ण प्रतिसाद समजा. ज्येष्ठ माणसे बहुतेक एवढाच देतात, आणि दुपारपर्यंत तुमच्याकडूनही तेवढाच जाऊ लागला तर काही बिघडलेले नाही.